घड्याळ कुणाचं धरायचं?

पुण्यातल्या एका गायिकेकडे न्यू जर्सीतली मराठी मुलं ऑनलाइन गाणं शिकतात असं समजू. क्लास दर शनिवारी न्यू जर्सीच्या सकाळी ९ वाजता, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसातला. हिवाळाभर सगळं सुरळीत चालतं. मग १४ मार्च २०२६ चा शनिवार येतो. मुलं नऊ वाजता बसतात, पण अ‍ॅप सांगतं, क्लास दहाला आहे.

मधल्या रविवारी, ८ मार्चला, अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे गेली. भारताचं घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालतं. अ‍ॅपने क्लासची वेळ ‘यूटीसी’मध्ये, म्हणजे जगभर हिशेबासाठी धरल्या जाणाऱ्या सामाईक वेळेत, १४:०० अशी साठवली होती. हिवाळ्यात यूटीसीचे १४:०० म्हणजे न्यू जर्सीचे ९, घड्याळ पुढे गेल्यावर १०.

गंमत अशी की अ‍ॅप बनवणाऱ्याने नियम मोडलेला नाही. वेळ यूटीसीत साठवा, असंच त्याला शिकवलेलं असतं. होऊन गेलेल्या गोष्टींसाठी ते योग्यच आहे. फी कधी भरली, निरोप कधी पाठवला, हे क्षण आता बदलणार नाहीत. पुढे व्हायच्या गोष्टींचं तसं नसतं. पालकांनी ठरवलं होतं ते ‘आमच्याकडचे सकाळचे नऊ’. साठवायलाही तेच हवं होतं, तिथल्या घड्याळातली वेळ आणि ठिकाणाचं नाव:

```
2026-03-14 09:00  America/New_York
```

हे नाव संगणकजगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या वेळ-विभागांच्या यादीतलं आहे. कुठल्या प्रदेशात घड्याळ कधी बदलतं, पूर्वी कधी बदलत होतं, याची नोंद त्या यादीत असते, आणि सरकारांनी नियम बदलले की ती सुधारली जाते. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशातली उन्हाळी वेळ रद्द केली. ज्या अ‍ॅपनी यादीची नवी आवृत्ती घेतली नाही, त्यांची तिथली वेळ पुढच्या वसंतात चुकणारच होती. म्हणून नुसतं ‘यूटीसीपेक्षा ५ तास मागे’ एवढं लिहून भागत नाही. तो त्या दिवसापुरता फरक असतो, नियम नव्हे.

आता त्याच क्लासमध्ये लंडनची एक मुलगी आली. ब्रिटनमध्ये घड्याळ २९ मार्चला पुढे जातं, अमेरिकेनंतर तीन आठवड्यांनी. न्यू जर्सीचे ९ कायम ठेवले, तर १४ मार्चपासून पुण्यात साडेसहा होतात, लंडनमध्ये दोनाचा एक होतो, आणि एप्रिलमध्ये लंडनचे पुन्हा दोन. पुण्याची वेळ कायम ठेवली, तर बाकीच्यांची सरकते. यातलं बरोबर कुठलं, हे गणिताने सुटत नाही. क्लास ठरवतानाच अ‍ॅपने विचारायला हवं: कुणाचं घड्याळ धरायचं?

ही चूक भारतात बसून सापडणं अवघड, कारण इथल्या घड्याळावर चाचणी घेतली तर वर्षभर सगळं बरोबरच दिसतं. म्हणून चाचणी मुद्दाम मार्चमधल्या त्या तीन आठवड्यांवर घ्यावी. १ नोव्हेंबर २०२६ ही तारीखही तपासावी. त्या पहाटे न्यू जर्सीत दीड दोनदा वाजतो.

जन्मतारखेची गोष्ट उलट आहे. तिला वेळ-विभाग लावूच नये. १५ ऑगस्ट ही तारीख अ‍ॅपने ‘पुण्यातली मध्यरात्र’ म्हणून साठवली, तर न्यू जर्सीतल्या फोनवर ती १४ ऑगस्ट दिसते. तारीख तारीख म्हणूनच ठेवावी. दाखवतानाही ०३/०४ असं लिहू नये. पुण्यात ते ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरी लिहिला की वाद मिटतो.

फीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. चलन रकमेचं असतं, लिहिण्याची पद्धत वाचणाऱ्याची. ४० डॉलर फी भरणाऱ्याने अ‍ॅपची भाषा मराठी केली म्हणून ती ₹४० होता कामा नये. असं करणारी अ‍ॅप असतात. मात्र सव्वा लाख रुपये आपल्याला १,२५,००० असेच दिसावेत आणि अमेरिकन वाचकाला १२५,०००. जर्मनीत हजारांनंतर टिंब देतात, त्यामुळे तिथे १.२५० म्हणजे साडेबाराशे. ही रूपं हाताने जुळवू नयेत. फोन आणि ब्राउझरमध्ये त्यासाठी तयार सोय असते.

रक्कम साठवताना अपूर्णांक टाळून सर्वांत लहान नाण्यात ठेवतात, ४० डॉलर म्हणजे ४००० सेंट. इथे सगळीकडे शंभराने गुणण्याची सवय नडते. जपानी येनला व्यवहारात सुटं नाणंच नाही, आणि कुवेतच्या दिनारात १००० फिल्स असतात. कुवेतमधल्या पालकाची ५ दिनार फी अ‍ॅपने ५०० करून पाठवली, तर फिल्समध्ये मोजणारी पेमेंट यंत्रणा अर्धाच दिनार कापते, आणि व्यवहार यशस्वी झाल्याचं कळवते. कुठेही एरर येत नाही. महिनाअखेरीला बँकेत जमा झालेली रक्कम हिशेबाशी ताडून पाहिली, तरच तूट दिसते.