सहा एकतीस की सहा अडतीस?

सोमवार, १९ जानेवारी १९३१. लिव्हरपूलमधल्या एका कॅफेत बुद्धिबळ क्लबची मंडळी जमत होती. विमा एजंट विल्यम वॉलेस अजून यायचा होता. तेवढ्यात त्याच्यासाठी फोन आला. 'क्वालट्रो' असं नाव सांगणाऱ्या माणसाने निरोप ठेवला, की उद्या संध्याकाळी साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर भेटा, विम्याचं काम आहे. दुसऱ्या दिवशी वॉलेस ट्राम बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ, साऊथ आणि वेस्ट होते, ईस्ट नव्हतंच. पोलिसाला विचारून, दुकानदाराला विचारून तो रात्री पावणेनऊला घरी परतला, तर दिवाणखान्यात बायको ज्युलिया मरून पडलेली. तिच्या डोक्यावर अनेक घाव होते.

पोलिसांचा संशय नवऱ्यावरच गेला. त्याने स्वतःच फोन केला, निघण्यापूर्वी बायकोला मारलं आणि मग खोट्या पत्त्याची चौकशी करत साक्षीदार गोळा केले, असं त्यांचं म्हणणं. हे खरं की खोटं, हे तपासायला घड्याळापलीकडे फारसं काही हाती नव्हतं. म्हणून कोण कधी कुठे असू शकत होतं याचा तक्ता कसा मांडायचा आणि त्यातून किती निघतं, हे शिकायला हे प्रकरण उत्तम आहे.

तक्त्याची सुरुवात संशयितांपासून करायची नसते. आधी ज्या वेळा कुणाच्याही स्मरणावर अवलंबून नाहीत, त्या खुंट्या ठोकायच्या. इथे पहिली खुंटी फोनची. बूथमधून फोन लागायला अडचण आली म्हणून एक्स्चेंजने त्याची नोंद केली होती: संध्याकाळी ७.१५, वॉलेसच्या घरापासून सुमारे चारशे यार्डांवरच्या बूथमधून. दुसरी खुंटी मंगळवारच्या ट्रामची. घरापासून बऱ्याच अंतरावरच्या चौकात वॉलेस दुसऱ्या ट्राममध्ये चढला, तेव्हा कंडक्टरच्या सांगण्यानुसार ७.०६ झाले होते. कंडक्टरला वेळापत्रक पाळायचं असतं, त्यामुळे त्याच्या वेळेला वजन आहे. पोलिसांनी तोच प्रवास पुन्हा पुन्हा करून पाहिला. सर्वात जलद सतरा मिनिटं धरली, तर वॉलेसने घर सोडायची शेवटची वेळ ६.४९ येते.

आता खिडकीचं दुसरं टोक हवं: ज्युलिया जिवंत शेवटची केव्हा दिसली? त्या संध्याकाळी दूध घालणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाशी ती दारात बोलली होती. पण केव्हा? आपण होली ट्रिनिटी चर्चच्या घड्याळात ६.२५ पाहिले, असं मुलगा म्हणाला. पोलिसांनी त्याला तिथून चालवलं, सहा मिनिटं लागली, म्हणजे ६.३१. गंमत अशी, की त्याच गल्लीत पेपर टाकणाऱ्या पोराने तेच चर्चचं घड्याळ पाहिलं होतं, तेव्हा ६.३५ झाले होते. तिथून वॉलेसच्या शेजारच्या घरी यायला त्याला दोन-तीन मिनिटं लागली आणि त्याने दूधवाल्या मुलाला २९ नंबरच्या दारात उभं पाहिलं. म्हणजे ६.३७ किंवा ६.३८. शिवाय खुनानंतर दूधवाल्या मुलाने सोबत्यांना आपण पावणेसातला तिथे होतो असं सांगितलं होतं, असं त्या मुलांचं म्हणणं.

दोघांनीही एकच घड्याळ पाहिलं, त्यामुळे घड्याळ पुढे होतं की मागे हा वाद उरत नाही. दोन निरीक्षणांतला फरक खरा आहे आणि कुणीतरी एक चुकतो आहे. तपासात अशा वेळी दोन वेळांची सरासरी काढायची नसते. प्रत्येक वेळ धरून खिडकी वेगळी मोजायची. ६.३१ धरलं तर नवऱ्याला अठरा मिनिटं मिळतात. ६.३८ धरलं तर अकरा. ६.४५ धरलं तर चार. एवढ्या वेळात खून करायचा, हातातोंडावरचं रक्त घालवायचं, चोरी झाल्याचा देखावा उभा करायचा, हत्यार दूर करायचं आणि कपड्यांवर डाग नसलेल्या अवस्थेत निघायचं. अठरा मिनिटांत हे घाईघाईने जमेल, अकरात फार अवघड, चारात अशक्य. सगळा खटला त्या पोराच्या पावलांवर तोलला गेला होता.

डॉक्टरच्या अंदाजाने खिडकी अरुंद होईल, अशी आशा होती. शरीराच्या ताठरपणावरून न्यायवैद्यक तज्ज्ञाने मृत्यू सहाच्या सुमारास झाल्याचं सांगितलं. पण साडेसहानंतर ज्युलिया दूध घेताना दिसली होती! ताठरपणा खोलीचं तापमान, शरीराची ठेवण, वय यांवर बदलतो, म्हणून त्यावरून मिनिटं काढता येत नाहीत. असा पुरावा फार तर ढोबळ पट्टा म्हणून मांडायचा, खुंटी म्हणून नाही.

मग संशयितांच्या ओळी भरायच्या. वॉलेसच्या बरोबरीने दुसरं नाव पुढे आलं ते गॉर्डन पॅरी या तरुणाचं. पूर्वी तोही त्याच विमा कंपनीत काम करायचा, वॉलेसच्या घरी त्याचं येणंजाणं होतं आणि त्या कॅफेशीही त्याचा संबंध होता. क्लबच्या फलकावर कोणाचा डाव कधी, हे लावलेलं असायचं. त्याच्यावर खटला कधीच झाला नाही. तो १९८० साली वारला.

| प्रसंग | वॉलेस | पॅरी |
|---|---|---|
| सोम. ७.१५, फोन | शक्य. घरातून निघाल्याची वेळ त्याच्याच शब्दावर | शक्य. सांगितलेल्या वेळा इतरांशी जुळत नाहीत |
| मंगळ. ६.३१ ते ६.४९ | शक्य, पण खिडकी चार ते अठरा मिनिटांची | ओळखीच्या बाईंच्या घरी, असा त्यांचा दुजोरा |
| मंगळ. ६.४९ ते रात्री ८.३० | ट्राममध्ये, मग मेनलव्ह भागात; अनेक साक्षीदार | तोच दुजोरा |

सोमवारी वॉलेस पावणेआठच्या सुमारास क्लबात होता. बूथपासून ट्रामने तेवढा वेळ पुरतो, म्हणून त्याचा कप्पा 'शक्य' राहतो, त्याहून पुढे जात नाही. तक्त्यात 'शक्य' म्हणजे 'नाकारता आलं नाही', एवढंच. पण सरकार पक्षाने दोन 'शक्य' एकमेकांना जोडून 'केलं' असा निष्कर्ष काढला, आणि एप्रिलमध्ये ज्यूरीने सुमारे तासाभरात वॉलेसला दोषी ठरवलं. मे महिन्यात अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पुराव्याचा निकालाला आधार नाही, म्हणून इंग्लंडमध्ये खुनाच्या शिक्षेतून सुटका होण्याची ही पहिली वेळ होती. १९३३ साली वॉलेस आजारपणात गेला. खुनी कोण, हे आजतागायत ठरलेलं नाही.

तक्ता नीट पाहिला, तर त्यातला कळीचा कप्पा पॅरीचाही नाही आणि वॉलेसचाही नाही. फोन करणारा आणि खून करणारा माणूस एकच, हे कुणी दाखवून दिलं होतं? तक्त्यात त्या दोन स्वतंत्र ओळी आहेत. एकाच माणसाने दोन्ही केलं असं धरलं, तर फोनच्या वेळी मोकळा असलेला पण मंगळवारी दुजोऱ्याने झाकलेला पॅरी बाद होतो आणि वॉलेस एकटा उरतो. ते गृहीतक सोडलं, की एकाने फोन करून नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि दुसऱ्याने रात्री साडेआठपर्यंत कधीही येऊन काम उरकलं, हीही शक्यता जिवंत होते. तिला चार मिनिटांची अडचण नाही. जवळजवळ दोन तास मोकळे आहेत. तपास अधिकाऱ्याने तक्त्याच्या बाजूला प्रत्येक कप्प्यासाठी एक प्रश्न लिहून ठेवायला हवा होता: ही वेळ कोणाच्या शब्दावर? आणि ओळींच्या वर आणखी एक: या घटना एकाच माणसाच्या आहेत, हे मी कशावरून धरलं?