पैसे कापले, ऑर्डर मात्र दिसत नाही

नाशिकमधल्या एका वाचकाने पुण्याच्या पुस्तकविक्रेत्याच्या संकेतस्थळावरून दिवाळी अंकांचा संच मागवला, असे समजू. किंमत २,५०० रुपये. त्याने रुपे डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि बटण दाबले. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. बँकेचा संदेश आला, ‘२,५०० रुपये खात्यातून वजा’. तिकडे संकेतस्थळ म्हणाले, ‘पेमेंट अयशस्वी’. आता हे पैसे आहेत कुठे?

याचे उत्तर हवे असेल, तर त्या काही सेकंदांत काय घडले ते पाहायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे बटण दाबल्याबरोबर पैसे दुकानदाराकडे जात नाहीत. त्या वेळी फिरतात ते फक्त निरोप. ते निरोप नेणे-आणणे हे पेमेंट गेटवेचे काम.

कार्डाचा क्रमांक आपण दुकानाच्या पानावर भरला असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ती चौकट गेटवेची असते. क्रमांक तिथेच सांकेतिक रूपात बदलतो आणि विक्रेत्याच्या हाती लागत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर विक्रेत्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ‘कार्ड सेव्ह करा’ म्हटले की साठवला जातो तो त्याऐवजी दिलेला दुसराच क्रमांक, म्हणजे टोकन. ते एका दुकानातून चोरीला गेले तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही.

कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या नेटवर्कचे आणि कोणत्या बँकेचे, हे गेटवेला कळते. त्यावरून तो ग्राहकाच्या बँकेकडे विचारणा पाठवतो, ‘हा माणूस खरोखर तुमचाच खातेदार आहे का?’ ओटीपी येतो तो याच टप्प्यावर. तो पाठवते बँक आणि तपासतेही बँकच. गेटवेला फक्त ‘ओळख पटली’ असा पुरावा मिळतो.

यानंतर खरी मागणी निघते. गेटवे ती विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेकडे देतो, ती बँक कार्ड नेटवर्ककडे आणि नेटवर्क ग्राहकाच्या बँकेकडे. रुपे कार्डासाठी हे नेटवर्क चालवते ते मुंबईतले एनपीसीआय, म्हणजे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ. देशातल्या प्रत्येक बँकेने प्रत्येक बँकेशी वेगळी तार जोडायची नसेल, तर मध्ये असा एक चौक लागतोच. ग्राहकाची बँक खात्यातली शिल्लक, कार्डाची मुदत, दिवसाची मर्यादा पाहते आणि दोन आकड्यांत उत्तर देते. 00 म्हणजे मंजूर. 51 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 91 म्हणजे बँकेची यंत्रणाच उत्तर देत नाही. ते उत्तर आल्या वाटेने परत गेटवेकडे येते आणि गेटवे ते दुकानाला कळवतो.

मंजुरी देताना बँकेने २,५०० रुपये खात्यातून बाजूला काढले, पण ते अजून बँकांच्याच हिशेबात आहेत. दिवसाअखेर सगळ्या व्यवहारांच्या याद्या जुळवल्या जातात, कोणत्या बँकेने कोणाला किती द्यायचे ते नेटवर्क ठरवते आणि मग पैसे हलतात. दुकानदारांसाठी हे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला पेमेंट अॅग्रिगेटर म्हणतात. रोजच्या बोलण्यात तिलाही गेटवेच म्हटले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तिला हे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, स्वतःच्या धंद्याला वापरता येत नाहीत. तिथून ते साधारण एक-दोन कामकाजी दिवसांत विक्रेत्याला मिळतात.

विक्रेत्याला पूर्ण रक्कम मिळते का? रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे बँकशुल्क, शून्य आहे. हेच २,५०० रुपये क्रेडिट कार्डाने भरले आणि विक्रेत्याचा करार दोन टक्क्यांचा असेल, तर ५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ रुपये कापून हाती २,४४१ रुपये येतात. त्या ५० रुपयांतला मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. उरलेल्यात नेटवर्क, विक्रेत्याच्या बाजूची बँक आणि गेटवे.

आता नाशिकच्या वाचकाकडे परत येऊ. बँकेने मंजुरी दिली होती, म्हणून खात्यातून वजावट झाली. परत येणारा निरोप मात्र वाटेत हरवला. तो कुठे हरवला यावर पुढचे सारे अवलंबून असते.

बँकेकडून गेटवेपर्यंत येतानाच तो हरवला असेल, तर ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याने गेटवेच्या बाजूने व्यवहार अयशस्वी धरला जातो आणि ‘आधीची मागणी रद्द करा’ असा उलटा निरोप बँकेकडे निघतो. बहुतेक वेळा पैसे त्यामुळेच परत येतात. तो निरोपही पोहोचला नाही, तर याद्या जुळवताना तफावत सापडते: बँकेच्या यादीत व्यवहार आहे, समोरच्या यादीत नाही.

दुसरी शक्यता अशी की उत्तर गेटवेपर्यंत पोहोचले, पण दुकानापर्यंत नाही. ग्राहकाच्या मोबाइलचे नेटवर्क नेमके तेव्हा गेले की असे होते, कारण दुकानाला निकाल कळण्याची एक वाट ग्राहकाच्याच ब्राउझरमधून जाते. म्हणून चांगला गेटवे दुकानाच्या सर्व्हरला थेट निरोपही पाठवतो. दुकानाने तो वाचण्याची सोय नीट केली नसेल, तर पैसे विक्रेत्याच्या नावावर जमा होतात आणि ऑर्डर मात्र अडकून पडते. इथे पैसे आपोआप परत येत नाहीत, कारण बँकांच्या हिशेबात हा व्यवहार यशस्वी आहे. विक्रेत्याने अंक पाठवायचे किंवा रिफंड द्यायचा. रिफंड हा उलट दिशेचा नवा व्यवहार असल्याने त्याला काही दिवस लागतात.

म्हणून अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा, ‘तुमच्या गेटवेच्या नोंदीत माझा व्यवहार यशस्वी दिसतो की अयशस्वी?’ सोबत व्यवहार क्रमांक आणि बँकेकडून मिळणारा बारा आकडी संदर्भ क्रमांक, म्हणजे आरआरएन, द्यावा. यशस्वी असेल तर वस्तू किंवा रिफंड विक्रेत्याकडे मागावा. अयशस्वी असेल तर जबाबदारी बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने ग्राहकाने न मागता द्यायची आहे. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पैसे अडकले की माणूस घाबरून इंटरनेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधतो आणि ठग नेमके तिथेच टपलेले असतात. पैसे परत मिळवायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे द्यायला. रिफंडसाठी कोणी ओटीपी मागितला, तर फोन तिथेच ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः बँकेला फोन करा.