इलाबेन आणि माणिकदा

'सेवा'च्या संस्थापक इला भट्ट गुजरातेत सगळ्यांच्या इलाबेन होत्या; 'भट्टबेन' नव्हे. भाई, बेन सहसा पहिल्या नावाला लागतात आणि वल्लभभाईंप्रमाणे कायमचे चिकटतातही. वयाने लहान माणसालाही ते बिनदिक्कत लावता येतात.

बंगालीत मात्र वय पाहावं लागतं. 'दा' म्हणजे दादा, तो थोरल्यालाच, थोरलीला 'दी'. सत्यजित राय यांचं घरगुती नाव माणिक, म्हणून सहकाऱ्यांचे ते माणिकदा. पण धाकट्याला 'दा' म्हटलं, तर तो बहुधा हसेल!

अनोळखी किंवा औपचारिक नात्यात 'बाबू' बरा: ज्योती बसूंना ज्योतीबाबू म्हणत. नुसतं 'ए बाबू' मात्र हाक मारू नये, त्यात हेटाळणी वाटते.