अपडेट अर्ध्यावर अडकलं, तर टीव्ही गेला असं समजू नका

अपडेट चालू असताना लाइट जाते. परत आल्यावर टीव्हीवर कंपनीचा लोगो येतो, जातो आणि पुन्हा येतो, त्यापुढे काहीच होत नाही. घरातल्या सगळ्यांना वाटतं, टीव्ही गेला. पण बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

टीव्हीचं सगळं सॉफ्टवेअर आतल्या एका मेमरी चिपमध्ये असतं. त्यातला एक छोटा भाग फक्त टीव्ही सुरू करण्याचं काम करतो. त्याला बूटलोडर म्हणतात. नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लावला जात नाही. नव्याने लिहिला जातो तो बाकीचा मोठा भाग. लोगो दिसतोय म्हणजे बूटलोडर बहुधा शाबूत आहे, आणि पेनड्राइव्हवरची फाइल वाचून अर्धवट राहिलेला भाग पुन्हा लिहिण्याची सोय पुष्कळ टीव्हींमध्ये त्याच्याकडेच असते. काही नव्या अँड्रॉइड टीव्हींमध्ये सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असतात. नवी प्रत बिघडली तर असा टीव्ही आपोआप जुन्या प्रतीवर परततो आणि काहीच करावं लागत नाही.

लाइट गेलेली नसताना टक्केवारीचा आकडा एका जागी थांबला असेल, तर प्लग ओढू नका. तासभर वाट बघा. आकडा हलत नसला तरी आत लिखाण चालू असू शकतं. एवढं थांबूनही हालचाल नसेल, तर मेन स्विच बंद करा, एचडीएमआय आणि यूएसबीच्या सगळ्या वायरी काढा, पाच-दहा मिनिटांनी चालू करून बघा. पुन्हा तेच दिसलं की मग पेनड्राइव्ह.

आमच्या शेजारच्या काकूंचा ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही असाच अडकला होता. सगळ्यात जास्त वेळ गेला तो योग्य फाइल शोधण्यात, आणि तो तिथेच जायला हवा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या नावाखाली दोन फाइली होत्या, फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. टीव्ही भिंतीवरून उतरवून मागचं स्टिकर वाचलं तेव्हा कळलं कोणती आपली. एकाच नावाचा टीव्ही कंपनी वेगवेगळे पॅनल घालून विकते. दुसऱ्या पॅनलची फाइल टीव्हीने स्वीकारली तर चित्र उलटं दिसतं, रंग विस्कटतात किंवा पडदा काळाच राहतो. अर्धवट अपडेटपेक्षा चुकीची फाइल जास्त नुकसान करते. म्हणून फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या. तिथे नसेल तर सर्व्हिस सेंटरकडे स्टिकरवरचा पूर्ण नंबर देऊन मागा. भलत्या साइटवरची, कोणीतरी आपल्या टीव्हीतून उतरवलेली फाइल घालू नका.

पेनड्राइव्ह साधा ८ किंवा १६ जीबीचा घ्या आणि FAT32 मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे आधी बघून घ्या. मोठा ड्राइव्ह विंडोज बहुतेकदा exFAT किंवा NTFS मध्ये फॉरमॅट करतं, आणि बूटलोडरला सहसा ते वाचता येत नाही. फाइलचं नाव सूचनेत असेल तसंच ठेवा. फिलिप्सच्या बऱ्याच जुन्या टीव्हींना `autorun.upg` हेच नाव लागतं, एलजीला `LG_DTV` नावाच्या फोल्डरमध्ये फाइल लागते. झिप उघडायची की तशीच ठेवायची, हेही कंपनीच्या सूचनेत बघा. कॉपी झाल्यावर फाइलचा आकार मूळ फाइलशी जुळवा आणि ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा, नाहीतर फाइलच अर्धवट राहते.

काकूंच्या टीव्हीला पद्धत अशी होती: मेन स्विच बंद, पेनड्राइव्ह लावलेला, टीव्हीच्या खालच्या कडेचं पॉवर बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून मेन चालू करायचा. इंडिकेटर लुकलुकायला लागला की बटण सोडायचं. पडदा काळाच होता, पण पेनड्राइव्हचा दिवा भराभर उघडझाप करत होता, म्हणजे वाचन सुरू झालं होतं. अशा वेळी काहीही दाबायचं नाही. टीव्ही स्वतःहून रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढायचा, कारण काही टीव्ही तो दिसला की पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतात. त्यानंतरचं पहिलं सुरू होणं फार सावकाश असतं, तेव्हा घाबरून बंद करू नका. हे सगळं करताना टीव्ही इन्व्हर्टरवर असेल तर उत्तम.

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकलाच नाही, तर दुसरा ड्राइव्ह आणि दुसरं यूएसबी पोर्ट वापरून बघा; काही टीव्हींमध्ये एकाच पोर्टवरून हे काम होतं. फाइल बरोबर असूनही लिखाण दर वेळी त्याच जागी अडकत असेल, तर मेमरी चिपच खराब झालेली असण्याची शक्यता जास्त. तिथे पेनड्राइव्हचा उपयोग नाही. टीव्ही वॉरंटीत असेल तर कंपनीकडेच द्या. नसेल तर मेकॅनिकला आधी विचारा, 'फक्त मेमरी चिप बदलून देता का?' चिप काढून नवी बसवणारे, तिच्यात सॉफ्टवेअर भरून देणारे कारागीर मोठ्या शहरांत सापडतात, आणि तो खर्च सहसा अख्ख्या मदरबोर्डपेक्षा बराच कमी येतो.