सोसायटीत संगणक आला, पण वही काही सुटेना! चेअरमन-सचिवांनी नेमकं काय करायचं?

गावच्या विकास सोसायटीत संगणक बसला, सॉफ्टवेअर आलं, प्रशिक्षणही झालं. तरी शेतकरी हप्ता भरायला गेला की पावती हातानंच फाडली जाते आणि आकडा आधी लाल कापडाच्या खतावणीत चढतो. संगणकात नोंद शनिवारी, सवड मिळाली तर. अनेक गावांत हे असंच चाललंय.

सोसायट्यांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये मंजूर केला. सुरुवातीला देशभरातल्या 63 हजार सोसायट्या त्यात होत्या. यंत्र आणि सॉफ्टवेअर वरून आलं. पण वीस-पंचवीस वर्षं वहीत लिहिणाऱ्या माणसाची सवय मोडायची जबाबदारी गावातल्या संचालक मंडळावरच पडते.

सचिव नको का म्हणतो?

'वय झालं, जमत नाही' हे वरवरचं कारण. खरी कारणं दोन. पहिलं म्हणजे दुहेरी काम. वहीही लिहायची आणि संगणकातही भरायचं, तर कुणीही कंटाळणारच.

दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे अनिष्ट तफावत. सोसायटीचं बँकेला देणं जास्त आणि सभासदांकडून येणं कमी, असा जुना फरक बऱ्याच ठिकाणी असतो. वहीत तो वर्षानुवर्षं दबून राहतो, संगणकात पहिल्याच दिवशी पडद्यावर येतो. मागच्या तीन सचिवांच्या काळातला फरक आपल्या माथी बसेल, ही भीती खरी असते.

आधी जुना हिशेब, मग सॉफ्टवेअर

समजा, एका सोसायटीत 400 सभासद आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुली असते, एप्रिल ते जून खरिपाचं कर्जवाटप. त्या धामधुमीत बदल सुरू केला तर तो फसणारच. ऑगस्ट-सप्टेंबर हा बरा काळ. रोज 20 खाती वहीशी ताडून पाहिली तर 20 दिवसांत 400 होतात. 31 मार्चची लेखापरीक्षण झालेली बाकी धरायची आणि सभासदाला बोलावून त्याच्या बाकीवर सही घ्यायची.

आता समजा, बँक पातळीवर बाकी 1 कोटी 42 लाख निघाली आणि सभासद पातळीवर 1 कोटी 41 लाख 35 हजार. फरक 65 हजारांचा. अशा वेळी एखादी जुळवाजुळवीची नोंद टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळायचा. शोधलं तर एका सभासदाची 40 हजारांची वसुली खतावणीत दोनदा चढलेली सापडते. ती दुरुस्त केली की 25 हजार उरतात. ते सापडले नाहीत, तर कोणत्या वर्षापासून दिसतात ते लिहून संचालक मंडळापुढे आणि लेखापरीक्षकापुढे ठेवायचे. हा ठराव झाला की आजच्या सचिवाची भीती निम्मी कमी होते.

वही बंद करायची तारीख ठरवा

दोन्हीकडे लिहिणं एक महिनाच ठेवावं. रोज संध्याकाळी वहीची रोजकीर्द आणि संगणकाची रोजकीर्द समोरासमोर धरायची. महिना संपला की संगणकातली छापील रोजकीर्द सही करून फाइलला लावायची आणि वहीत शेवटच्या ओळीखाली रेघ मारायची. तारीख पुढं ढकलली की संगणक कायमचा नकलेचा कागद होतो.

सचिवाला सगळं एकदम शिकवू नये. पहिला आठवडा फक्त वसुलीची पावती, मग कर्जवाटप, मग खत विक्री. बोटं मात्र त्याचीच चालली पाहिजेत. गावातलं एखादं पोरगं सचिवाचा पासवर्ड वापरून नोंदी करत असेल, तर सचिव शिकत नाही आणि चूक झाली तर जबाबदार मात्र तोच ठरतो.

वीज किंवा नेट गेलं तर हातपावती चालेल, पण तिला छापील क्रमांक हवा आणि वीज आली की पहिली नोंद तिचीच.

गाडी रुळावर आहे का, कसं ओळखायचं?

चेअरमननं पैसे भरल्याची तारीख आणि संगणकात नोंद केल्याची तारीख शेजारी ठेवून पाहावी. आठवडाभराच्या नोंदी एकाच दिवशी पडलेल्या दिसल्या, तर खरा कारभार अजून वहीतच चाललाय.

यात शेतकऱ्याचं नुकसान आहे. मुदतीत फेडलं तरच 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला शून्य टक्के व्याजाची सवलत मिळते. शेतकऱ्यानं शेवटच्या दिवशी पैसे भरले आणि नोंद चार दिवसांनी त्याच दिवसाच्या तारखेनं पडली, तर कागदावर तो थकबाकीदार. म्हणून हप्ता भरल्यावर संगणकाची पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरची तारीख तिथंच वाचावी. समोर उभा असलेला सभासदच पावती मागायला लागला, की वहीची सवय लवकर सुटते.