आरसा, दोन काचा आणि सूर्यचुलीचा जमाखर्च

पेटीसारखी दिसणारी साधी सूर्यचूल घ्या. वर दोन काचांचे झाकण, आत काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, त्यात चार काळे डबे, भोवती काचलोकरीचा थर आणि उघडणाऱ्या झाकणाला आतून लावलेला आरसा. काच साधारण ५० सेंटीमीटर लांब आणि तेवढीच रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर. एप्रिलमध्ये पुण्यातल्या गच्चीवर भर दुपारी दर चौरस मीटरवर जवळपास ९०० वॅट ऊन पडते. आपल्या काचेच्या वाट्याला त्यातले २२५ वॅट येतात. घरातली इस्त्रीसुद्धा याच्या तिप्पट-चौपट वीज खाते. तरीही या पेटीत दोन तासांत वरणभात होतो. ऊन किती पडले यापेक्षा त्यातले पेटीत किती टिकले, याला इथे महत्त्व आहे.

आधी जमेची बाजू पाहू. साधी काच तिच्यावर पडलेल्या उन्हातले सुमारे ८५ टक्के आत सोडते, उरलेले परत फेकते किंवा स्वतः शोषते. दोन काचा ओलांडून आत पोचते ते ७२ टक्के. काळा ट्रे त्यातलेही सगळे घेत नाही, साधारण ९३ टक्के घेतो. असे करत करत २२५ वॅटचे १५० होतात. ही चुलीची खरी मिळकत.

खर्च मात्र ठरलेला नसतो. ट्रे हवेपेक्षा जितका जास्त तापतो, तितकी जास्त उष्णता बाहेर पळते. बऱ्यापैकी बांधणीच्या आपल्या या पेटीतून तापमानातल्या दर अंश फरकामागे सुमारे १.४ वॅट जातात. त्यातला दोन तृतीयांश वाटा एकट्या काचेतून जातो, कारण तळ आणि बाजूंना पाच सेंटीमीटर काचलोकर असते, वर मात्र पारदर्शक काच आणि थोडी हवा एवढेच.

आता डबे काढून रिकामी पेटी आरसा झाकून उन्हात ठेवा. सुरुवातीला ट्रे आणि हवा यांच्यात फरक नसतो, म्हणून खर्चही नसतो आणि ट्रे झपाट्याने तापतो. तापता तापता खर्च वाढतो आणि एका क्षणी मिळकतीच्या बरोबर येतो. तिथून पुढे काटा हलत नाही. या तापमानाला स्टॅग्नेशन तापमान म्हणतात; आपण त्याला स्थिर तापमान म्हणू. आपल्या पेटीचे गणित सोपे आहे : १५० भागिले १.४ म्हणजे सुमारे १०८ अंश. हवा ३५ अंशांवर असेल तर ट्रे १४३ अंशांवर जाऊन थांबेल.

विक्रेते हा आकडा मोठ्या आवाजात सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, अन्न १४३ अंशांवर शिजणार. तसे होत नाही. डब्यात पाणी असते आणि पुण्याच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. अन्न त्यापुढे जात नाही. मग या आकड्याचा उपयोग काय? तो चुलीच्या अंगात किती जोर शिल्लक आहे ते सांगतो. ट्रे १०० अंशांवर असताना हवेशी फरक ६५ अंशांचा, म्हणजे खर्च ९१ वॅट. मिळकत १५०. हातात उरले ५९ वॅट. अन्नाला मिळते ती ही शिल्लक. स्थिर तापमान १०५ अंशच असलेल्या पेटीत ही शिल्लक जवळजवळ शून्य होईल; पाणी कोमट होईल, गरम होईल, पण डाळ कडकच राहील.

काचेचा हिशोब इथे मजेशीर होतो. एकच काच लावली तर मिळकत वाढते, १५० ऐवजी सुमारे १७८ वॅट. पण दर अंशाचा खर्च १.४ वरून २.४ च्या आसपास जातो. काच आतून येणारी अवरक्त उष्णता अडवते हे खरे, पण ती स्वतः तापते आणि वारा तिच्यावरून उष्णता घेऊन जातो. दुसऱ्या काचेमुळे मध्ये हवेचा एक स्थिर थर तयार होतो आणि बाहेरची काच बरीच थंड राहते. एका काचेच्या पेटीचे स्थिर तापमान १०९ अंशांच्या आसपास अडकते आणि १०० अंशांवर शिल्लक उरते फक्त २०-२५ वॅट.

मग तिसरी काच लावली तर? खर्च आणखी उतरतो, पण मिळकतही १५० वरून १२८ वर येते. १०० अंशांवरची शिल्लक पुन्हा ६० वॅटच्या घरातच राहते. स्थिर तापमान मात्र १५० च्या वर गेलेले दिसते. म्हणजे जाहिरातीतला आकडा सुधारतो, स्वयंपाकाचा वेळ सुधारत नाही आणि झाकण जड होते ते वेगळेच. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६७ पासून अशा पेट्या करून पाहिल्या. तीन काचांच्या पेटीत त्यांनी पाणी उकळते त्यापेक्षा जास्त तापमान गाठले होते. त्यांना स्वयंपाक करायचा नव्हता, ऊन किती तापवू शकते हे मोजायचे होते. त्या कामाला तिसरी काच योग्यच होती.

आरशाची गोष्ट काचेपेक्षा वेगळी आहे. तो खर्चाला हातच लावत नाही, फक्त मिळकत वाढवतो. काचेएवढाच आरसा नीट कोनात धरला, तर एप्रिलच्या दुपारी आत शोषले जाणारे ऊन १५० वरून सुमारे २०० वॅटवर जाते. वाढ एक तृतीयांशाची. पण १०० अंशांवरचा खर्च ९१ वॅटच राहतो, त्यामुळे शिल्लक ५९ वरून १०९ वर जाते. म्हणजे जवळपास दुप्पट. वरणभातासाठी डब्यांत एकूण दोन किलो डाळ, तांदूळ आणि पाणी असेल, तर ते उकळीपर्यंत यायला आरशासह साधारण दीड तास लागतो, आरशाविना दोन तासांहून जास्त. त्यापुढे शिजवायला फारशी उष्णता लागत नाही, तापमान टिकले की पुरते.

हिवाळ्यात आरशाची खरी किंमत कळते. डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. ऊन तिरपे पडते, आडव्या काचेला कमी मिळते आणि शोषलेले ऊन ११५ वॅटच्या आसपास उतरते. हवा २८ अंशांवर धरली तर १०० अंशांवरचा खर्च १०० वॅट. शिल्लक १५ वॅट, म्हणजे नावाला. पण याच तिरप्या उन्हात आरसा जास्त किरण पकडतो. तो जवळपास ७० वॅटची भर घालतो आणि शिल्लक ८५ वर पोचते. ‘आमची सूर्यचूल थंडीत चालत नाही’ असे सांगणाऱ्या घरांत आरसा नीट लावला जात नसण्याची शक्यता मोठी. मुंबईत उच्च न्यायालयात नोकरीला असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ च्या त्यांच्या पुस्तकात, आठ बाजूंच्या आरशांत बसवलेल्या काचेखालच्या भांड्यात सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजवल्याचे लिहिले आहे, तेही जानेवारीत.

आरसा किती उघडायचा, यालाही सोपा हिशोब आहे. आरसा काचेएवढा लांब असेल तर सूर्याच्या उंचीच्या अंशांची दोन तृतीयांश घ्यायची आणि त्यात ६० मिळवायचे. काच आणि आरसा यांच्यात तेवढा कोन ठेवायचा. एप्रिलच्या मध्यावर दुपारी सूर्य ८१ अंशांवर असतो, म्हणून कोन ११४. डिसेंबरात ९२, म्हणजे आरसा जवळजवळ उभा. अर्थात कोनमापक घेऊन गच्चीवर कोणी जात नाही. काचेकडे पाहावे. आरशाने टाकलेला उजेडाचा पट्टा काचेच्या पुढच्या कडेपर्यंत पोचला पाहिजे आणि तिच्याबाहेर सांडता कामा नये. पट्टा अर्ध्यावर थांबला तर आरसा फार मिटलेला आहे, बाहेर सांडला तर फार उघडलेला. पाऊण तासाने पेटी सूर्याच्या दिशेने वळवावी, नाहीतर पट्टा बाजूला सरकतो.

बिघाडही या जमाखर्चातच दिसतात. आतल्या काचेवर पाण्याचे थेंब जमले, तर डब्याची झाकणे सैल आहेत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ते ३५ अंशांवरून उकळीला आणायच्या आठपट उष्णता लागते, म्हणजे तुमची शिल्लक वाफेवर चालली आहे. शिवाय धुके धरलेली काच मिळकतही कमी करते. म्हणून गॅसवर घालतो त्यापेक्षा पाणी कमी घालावे आणि मध्ये झाकण उघडून डाळ बघायचा मोह आवरावा. पेटीचा तळ बाहेरून हाताला गरम लागला तर काचलोकर ओली झाली आहे. पावसाळ्यात गच्चीवर राहिलेल्या पेट्यांचे हे नेहमीचे दुखणे.

चुलीची तब्येत घरीच तपासता येते. भारतीय मानक आहे IS 13429. त्यातली कसोटी दिल्लीच्या आयआयटीतले एस. सी. मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. ती आरसा झाकून, रिकाम्या पेटीवर घेतात. ट्रेचे स्थिर तापमान आणि हवेचे तापमान यांतला फरक घ्यायचा आणि दर चौरस मीटर उन्हाच्या वॅटने भागायचा. उत्तर ०.१२ किंवा जास्त आले तर चूल ‘अ’ दर्जाची, ०.११ पर्यंत आले तर ‘ब’ दर्जाची. आपल्या पेटीचे १०८ भागिले ९००, म्हणजे बरोबर ०.१२. ऊन मोजायचे यंत्र घरी नसते, पण उन्हाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या दुपारी ९०० धरून चालते. ट्रेच्या मधोमध तापमापकाची तार चिकटवा, आरशावर काळे कापड टाका आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबा. हवेपेक्षा ट्रे किमान १०० अंशांनी जास्त तापला पाहिजे. तितका तापत नसेल तर आधी दोन्ही काचा धुवा, मग झाकणाची रबरी पट्टी बदला. तरीही आकडा वर येत नसेल तर तळ उघडून काचलोकर उन्हात वाळवा, आणि ती गोळा झाली असेल तर नवी भरा. नवी चूल घेणार असाल तर दुकानदाराला कमाल तापमान विचारू नका. आरसा झाकून घेतलेल्या कसोटीचा आकडा विचारा.