हानाकोच्या बंद दारापाशी

शाळेचा उत्सव ऐन रंगात आहे आणि कथेचा नायक हिसाओ नाकाई गच्चीवर बसून केंजी नावाच्या एका विक्षिप्त मुलाबरोबर व्हिस्की पितोय. जरा वेळानं तो गच्चीवरून खाली पडतो आणि कथा संपते. 'कातावा शोजो' ही व्हिज्युअल नॉव्हेल पहिल्यांदा वाचणाऱ्या कित्येकांच्या वाट्याला हाच शेवट येतो. वाचून झालेले असतात जेमतेम तीन-चार तास. इथे वाचकाचं काय चुकलं? तो सगळ्यांशी सारखाच सौजन्यानं वागला, जवळ मात्र कुणाच्याच गेला नाही. पाच मुलींपैकी एकीशीही नातं जुळलं नाही, तर लेखकांनी हिसाओला गच्चीवर पाठवायचं ठरवून ठेवलंय.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे जागेचं चित्र, त्यावर पात्राची आकृती, खाली दोन-तीन ओळींची चौकट आणि सोबत संगीत. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. मधूनच कथा थांबते आणि दोन-तीन पर्याय पुढे ठेवते. हा प्रकार जपानमधला. १९९६ साली लीफ या कंपनीनं आपल्या मालिकेला हे नाव दिलं आणि पुढे ते सगळ्या प्रकारालाच चिकटलं. दुकानांत ही पुस्तकं गेमच्या रांगेत मांडलेली असतात. त्यामुळे ज्याला माणसांच्या गोष्टी आवडतात तो वाचक तिकडे फिरकतच नाही. फिरकला, तर पहिला प्रश्न विचारतो, "ही वाचायला किती वेळ लागतो?" कागदी पुस्तकाची जाडी हातात घेतली की कळते. इथे मात्र उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: मजकूर किती आहे, तो किती वाटांनी फुटतो आणि वाचणारा किती वेगानं वाचतो.

पहिल्या गोष्टीचा अंदाज येणं त्यातल्या त्यात सोपं. दोन तासांत आटोपणाऱ्या कथा आहेत, तशा शंभर तासांच्या घरात जाणाऱ्याही आहेत. की या स्टुडिओची २००४ सालची 'प्लॅनेटेरियन' चार-पाच तासांत वाचून होते. युद्धानं ओस पडलेल्या शहरात तारांगणातली एक यंत्रमुलगी अजून प्रेक्षकांची वाट पाहते आहे, एवढंच तिचं कथानक. त्याच स्टुडिओची त्याच वर्षातली 'क्लॅनाड' मात्र पन्नास तासांच्याही पुढे जाते. फरक नुसता लांबीचा नाही. 'प्लॅनेटेरियन'मध्ये निवडीला जागाच नाही. 'क्लॅनाड'मध्ये तोमोया ओकाझाकी एकेका पात्राची कहाणी तडीला नेतो, तेव्हा प्रकाशाचा एकेक गोळा मिळतो. ते गोळे जमल्याशिवाय कादंबरीचा सगळ्यात चांगला भाग, 'आफ्टर स्टोरी', उघडतच नाही. एकीत सरळ रस्ता, दुसरीत अनेक गल्ल्या हिंडल्यावर सापडणारा वाड्याचा दिंडीदरवाजा.

गल्ल्यांचा हिशोब कसा मांडायचा, हे 'कातावा शोजो'वरून नीट समजतं. ती ४ जानेवारी २०१२ रोजी पूर्ण स्वरूपात आणि फुकट प्रसिद्ध झाली. करणारे जपानी नव्हते. फोर लीफ स्टुडिओज नावाखाली जमलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या हौशी मंडळींनी राइता या जपानी चित्रकाराच्या एका पानाच्या रेखाटनावरून सगळा डोलारा उभा केला. हिसाओच्या हृदयाला जन्मजात दोष आहे. चार महिने रुग्णालयात काढून तो यामाकू या शाळेत येतो, जिथे अपंग मुलं शिकतात. पायांना कृत्रिम ब्लेड लावून धावणारी एमी, हात नसल्यानं पायांनी चित्रं काढणारी रिन, आंधळी लिली, बहिरी-मुकी शिझुने आणि चेहरा भाजलेली, कायम आडोसा शोधणारी हानाको त्याला तिथे भेटतात. काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत. ते सेटिंगमधून बंद करता येतात.

पहिला अंक सगळ्यांना सामाईक. हिसाओ कुणाकडे झुकतो, हे त्यातल्या निवडींवरून ठरतं आणि त्यानंतर उरलेली कथा त्या एकाच मुलीची होते. एक वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला ढोबळमानानं नऊ तास धरले, तर पाच वाटांचे पंचेचाळीस व्हायला हवेत. प्रत्यक्षात सगळं मिळून तिसाच्या आसपास होतात, कारण साडेतीनेक तासांचा पहिला अंक एकदाच वाचावा लागतो. पुढच्या चार फेऱ्यांत तो भराभर ओलांडता येतो आणि चौदा तास वाचतात.

ओलांडायचं कसं, हे नवख्याला कुणी सांगत नाही. ही कादंबरी रेन-पाय या साधनावर बांधली आहे. त्यात कंट्रोलची कळ दाबून धरली की मजकूर पळू लागतो, पण एरवी फक्त आधी वाचलेलाच. नवं वाक्य आलं की गाडी आपोआप थांबते. सेटिंगमध्ये न वाचलेलाही मजकूर पळवण्याची सोय असते, आणि घोटाळा होतो तो तिथेच. ती चुकून चालू राहिली, तर नवा प्रसंग डोळ्यांसमोरून निघून जातो आणि ही मुलगी अचानक का रडतेय, हे वाचकाला उमगत नाही. असं झालं तर मागची वाक्यं उघडून वाचावीत. प्रत्येक निवडीच्या आधी एक सेव्ह केलेली बरी, नाहीतर दुसरी वाट पाहण्यासाठी पार पहिल्या दिवसापासून निघावं लागतं.

पण गल्ल्या केवळ जास्त वाचायला लावण्यासाठी नसतात. हानाकोच्या वाटेवर एक काळ असा येतो की ती खोलीचं दार लावून आत बसते. चांगल्या मनाच्या वाचकाला वाटतं, जावं, दार वाजवावं, विचारपूस करावी. या कादंबरीतला सगळ्यात वाईट शेवट असाच ओढवतो. हानाको उसळून त्याच्या अंगावर येते. सगळे तिला असहाय लेकरू समजतात आणि हाही त्यांच्यातलाच निघाला, हे तिला सहन होत नाही. या वाटेला तीन शेवट आहेत आणि चांगला मिळतो तो तिला मोकळं सोडणाऱ्याला. छापील कादंबरीत लेखक हेच सांगू शकला असता. इथे मात्र दार वाचकानंच वाजवलेलं असतं, म्हणून तिचा राग त्याला लागतो. पात्रांसाठी वाचणाऱ्याला शाखांचा खरा उपयोग असेल तर तो हा. उलट शिझुनेच्या वाटेवर निवडीची जागा एकच आहे. शाखा कमी म्हणून ती कथा उणी ठरत नाही, पण वाचक तिथे बराच काळ नुसता साक्षीदार असतो, आणि काहींना ते खटकतं.

'स्टाइन्स;गेट'ची तऱ्हा आणखी निराळी. २००९ साली आलेल्या या कथेत पडद्यावर पर्याय झळकत नाहीत. आकिहाबारात राहणारा ओकाबे रिन्तारो मोबाइलवर आलेल्या मेलला उत्तर देतो, आणि मेलमधल्या अधोरेखित शब्दांपैकी कुठला निवडायचा, एवढंच वाचकाच्या हाती असतं. कुरिसूला वेळोवेळी कसली उत्तरं पाठवली, त्यावर खरा शेवट मिळणार की नाही हे ठरतं. पहिल्या वाचनात तो बहुतेकांच्या हातून निसटतो. त्यात या कथेचे सुरुवातीचे कितीतरी तास टवाळक्यांत जातात. तो भाग कंटाळून पळवला, तर पुढे ज्या मैत्रीला धक्का बसतो ती मैत्रीच वाचकाच्या मनात तयार झालेली नसते. इथे वाट शोधण्याच्या फंदात न पडता पहिला शेवट मुकाट्यानं स्वीकारावा आणि खऱ्या शेवटासाठी कुणाची तरी मार्गदर्शिका हाताशी घ्यावी. तो कमीपणा नाही.

आता वेग. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस कथा मनातल्या मनात मिनिटाला अडीचशेच्या आसपास शब्दांनी वाचतो. मराठी वाचकाला या कादंबऱ्या बहुधा इंग्रजीतूनच भेटतात, आणि दुसऱ्या भाषेत वेग सहज दीडशेवर उतरतो. लाखभर शब्दांची कथा पहिल्याला पावणेसात तासांत संपते, दुसऱ्याला अकरा लागतात. म्हणून जाहिरातीतला किंवा मित्रानं सांगितलेला तासांचा आकडा आपल्यासाठी दीडपटीहून थोडा जास्तच धरावा. व्हीएनडीबी या व्हिज्युअल नॉव्हेलच्या मोठ्या सूचीत वाचक वेळ नोंदवताना आपण संथ, मध्यम की जलद वाचतो हेही लिहितात. तिथली संथवाल्यांची नोंद पाहणं जास्त प्रामाणिक.

वेगाची दुसरी गोम आवाजात आहे. 'स्टाइन्स;गेट'मध्ये पात्रांचे संवाद नट बोलतात. डोळ्यांनी ओळ संपली तरी नटाचं बोलणं चालू असतं, आणि प्रत्येक वाक्य पूर्ण ऐकायचं तर वाचन बोलण्याच्या गतीनं होतं. जपानी कळत नसताना तेवढं थांबायचं कशासाठी? बहुतेक वाचक मधला मार्ग काढतात. रोजच्या गप्पांत ओळ वाचली की क्लिक, आणि भांडणाचा किंवा कबुलीचा प्रसंग आला की हात बाजूला. 'कातावा शोजो'ला आवाज नाही, त्यामुळे तिथे हा पेच पडत नाही. अक्षरं एकेक करत उमटण्याची गती मात्र वाढवून घ्यावी, नाहीतर डोळा पुढे आणि अक्षरं मागे अशी फरफट होते. आपोआप पुढे सरकणारा मोडही असतो. त्याचा वेग बेतानं लावला नाही, तर दोन ओळी वाचायच्या आत तिसरी येते. दर पाच मिनिटांनी मागची वाक्यं उघडून पाहावी लागत असतील, तर एक तर मोड जलद आहे किंवा डोळे थकलेत.

पहिल्यांदा हात घालणाऱ्यानं शंभर तासांच्या नादी लागू नये. ब्रायाना लेई यांची २०१७ सालची 'बटरफ्लाय सूप' साडेतीन-चार तासांत होते आणि पैसे देणं वाचकाच्या मर्जीवर आहे. कॅलिफोर्नियात बेसबॉल खेळणाऱ्या चार शाळकरी मुलींची ती कथा. त्यांतली दिया भारतीय कुटुंबातली आहे, बोलायला लाजणारी आणि मैदानात भारी. निवडी आहेत, पण त्या गप्पांना चव आणण्यापुरत्या. कुठलीही केली तरी वाट फुटत नाही, त्यामुळे काही निसटल्याची धाकधूक नसते.

त्याहून लहान हवी असेल तर 'नार्सिसू' आहे. तोमो काताओका यांची २००५ सालची, फुकट मिळणारी, दोन-तीन तासांची. मरणाच्या वाटेवर असलेले दोन रुग्ण रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावरून पळतात आणि गाडी घेऊन आवाजी बेटावरची नर्गिसची फुलं पाहायला निघतात. निवड एकही नाही, चित्रं अगदी मोजकी, आणि तीही पडद्याच्या मधोमध एका अरुंद पट्टीत. कथा दोन रूपांत मिळते, आवाजासह आणि आवाजाविना. पहिल्यांदा आवाजाविना वाचावी. सेत्सुमी फार कमी बोलते, आणि तिची छोटी वाक्यं किती वेळ तशीच पडद्यावर राहू द्यायची, हे मग वाचकाच्या बोटावर राहतं.